बासष्टावी ओळ

नगवा सालेम कुणाचंही वाईट चिंतत नाही, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मी तीन वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर बसते आहे. तिने एका माणसाचं वाईट सव्वादोन वर्षं, रोज, न चुकता चिंतलं आणि शेवटी करून दाखवलं. मला ते बघून बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समतोलपणाची अपेक्षा करणार नाही.

आमची कंपनी इंगोलश्टाटच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत आहे. आम्ही गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवतो, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची जी एक मोठी वेणी असते ती. बनवतो म्हणजे इथे फक्त कागद बनतात. वेण्या बनतात इजिप्तमध्ये, पोर्ट सईदच्या कारखान्यात. मी पुण्याची, क्वालिटी विभागात. नगवा आर्काइव्हमध्ये. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, कुठला कुणाच्या सहीने बाहेर द्यायचा, हे तिच्या हातात. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, चष्मा दोरीला बांधलेला, आणि टेबलाच्या खणात कायम भाजलेल्या भोपळ्याच्या बिया.

इथे येण्याआधी ती पोर्ट सईदच्या एका सरकारी शाळेत अरबी शिकवायची. बावीस वर्षं. नवऱ्यामागे जर्मनीला आली तेव्हा तिच्या पदवीला इथे कुणी विचारलं नाही. नवरा गेला, पदवी फायलीत राहिली आणि ती दुसऱ्यांच्या फायली सांभाळू लागली. तिकडे शाळेत बाईंना 'अब्ला' म्हणतात. अब्ला नगवा. मराठी कानाला तो शब्द कसा लागतो ते मी तिला एकदा सांगितलं. तिने अर्थ विचारला, ऐकला आणि बिया सोलत म्हणाली, "बरं आहे. लोकांना तसंच वाटू दे."

पोर्ट सईदला काही बिनसलं की तिथल्या कामगार कार्यालयाला अरबीत अहवाल द्यावा लागतो. अरबीत म्हणजे फुसहात, पुस्तकी, प्रमाण अरबीत. कामगार मात्र फुसहात बोलत नाहीत, फोनवर तर मुळीच लिहीत नाहीत. ते इजिप्तच्या बोलीत लिहितात, तेही पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मध्ये आकडे घालून. अरबीतल्या काही आवाजांना इंग्रजी अक्षर नाही, मग तीनचा आकडा म्हणजे एक अक्षर, सातचा आकडा म्हणजे दुसरं, खोल घशातला 'ह'. मला सुरुवातीला ते पासवर्डच वाटायचे.

नगवाचं काम असं: आधी ते आकडे काढून मेसेज अरबी लिपीत आणायचे, मग बोलीतून फुसहात. एकदा तिने मला समजावून सांगितलं होतं. कुणीतरी लिहितो, 'शकलहा बायज़ा', मशीन बिघडलंय बहुतेक. फुसहात त्याचं होतं, 'यब्दू अन्नहा मुअत्तला', ते नादुरुस्त असल्याचं दिसतं. "दिसतं," ती म्हणाली. "ते राहिलंच पाहिजे. तो छातीठोकपणे बोललेला नाही, तर मी त्याला छातीठोक करायचं नाही. कामगाराला मी कोट घालून देते. आत माणूस तोच."

आता तो माणूस, ज्याचं वाईट चिंतलं गेलं. श्रीरंग. आमचा प्रोजेक्ट हेड, तोही पुण्याचाच, आणि इंगोलश्टाटच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. मंडळात आम्ही सगळे त्याला श्रीरंगदादा म्हणतो. गणपतीत माईक हातात आला की सोडत नाही. भला माणूस वाटतो, आणि अर्ध्या लोकांशी तो भला वागतोही. त्याने पोर्ट सईदला दोन वर्षं काढली होती, तेवढ्यात बोलीचे शे-दोनशे शब्द उचलले होते, आणि कँटीनमध्ये नगवा दिसली की तो हमखास "इज़्ज़य्यिक, या अब्ला" म्हणून तिची विचारपूस करायचा. अरबी लिपी त्याला एक अक्षर वाचता येत नाही. पण मला अरबी येतं, असं तो सगळ्यांना सांगतो.

पहिला अपघात झाला तेव्हा मी नोकरीत नवीन होते, प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे चाचणीच्या काळात. पोर्ट सईदला रजब नावाच्या कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं क्रिम्पिंग प्रेसमध्ये गेली. हे मशीन वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवतं. त्याला एक दार असतं, दार उघडं असेल तर सेफ्टी स्विच मशीन चालू देत नाही. रजबने त्या स्विचला वायर लावून त्याला गप्प केलं होतं, म्हणजे दार उघडं ठेवून काम भराभर होईल.

कामगारांच्या ग्रुपवरचे मेसेज आले. एकशे त्रेचाळीस. नगवाने तक्ता केला. एका रकान्यात मूळ मेसेज, शेजारी फुसहा, एका मेसेजला एक ओळ. मी त्याच ओळींना जर्मन रकाना जोडला, तिने मला तोंडी सांगितलेला. माणसं चॅटवर कशी लिहितात ते आपल्याला माहीत आहे. एक वाक्य चार तुकड्यांत पाठवतात. रजबने लिहिलं होतं, 'मी स्विचला वायर लावली'. ही एकसष्टावी ओळ. लगेच पुढचा मेसेज, 'हानीने सांगितलं म्हणून, आकडा पुरा होत नव्हता'. ही बासष्टावी. हानी म्हणजे तिथला फोरमन, आणि श्रीरंगचा माणूस.

अहवाल श्रीरंगच्या हातून जायचा होता. त्याने माझ्याकडे वर्ड फाइल मागितली, "जरा नीटनेटकं करतो" म्हणाला. संध्याकाळी फाइल परत आली. मूळ मेसेजांचा रकाना गेला होता. फॉर्मल रिपोर्टमध्ये ती गावंढळ भाषा शोभत नाही, म्हणे. आणि खाली शेवटच्या ओळीचा क्रमांक होता एकशे बेचाळीस.

मी तो बघितला. वर गेले आणि एकसष्टनंतर काय आहे तेही बघितलं. बासष्ट होतीच, वर्डने आपोआप नंबर सरकवले होते, पण ती आधीची त्रेसष्ट होती. शेवटच्या पानावर नगवाची सही जशीच्या तशी, 'मूळ मेसेजांना धरून केले आहे' या वाक्याखाली. मी फाइल बंद केली. मला नोकरी पक्की व्हायला सात आठवडे होते. मी काही बोलले नाही.

कामगार कार्यालयाने अहवाल वाचून काय ठरवलं असेल ते सांगायला नको. कामगाराने स्वतःच्या मर्जीने सुरक्षा बंद केली. दोष त्याचा. रजबची नोकरी गेली. हानी आहे तिथे राहिला. श्रीरंगला बढती मिळाली, मंडळात पेढे वाटले गेले, आणि मीही एक खाल्ला.

रजब हा नगवाचा विद्यार्थी निघाला. आठवीचा वर्ग, शेवटचा बाक, निबंधात कायम नापास. अहवालाची प्रत त्याला मिळाली, त्याने शेवटच्या पानावरचं नाव वाचलं, आणि कुणाकडून तरी तिचा नंबर मिळवून तिला व्हॉइस मेसेज पाठवला. तिने तो मला पुष्कळ नंतर ऐकवला. आरडाओरडा नव्हता. तो म्हणत होता, "अब्ला, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं, लिहिलेलं राहतं. राहिलं."

त्याच्या आईने मग गल्लीत सगळ्यांना सांगितलं. नगवाची थोरली बहीण अजून त्याच गल्लीत राहते. तिच्या घरी लोकांनी जाणं-येणं सोडलं. भाजीवाल्याने तिच्या तोंडावर विचारलं, तुमची बहीण जर्मनांसाठी किती बोटं विकते. नगवा त्या उन्हाळ्यात पोर्ट सईदला जाणार होती, तिकीट काढलेलं होतं. ती गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही.

तिने श्रीरंगला एकदाच विचारलं. तो हसून म्हणाला, "नगवा, फॉर्मल रिपोर्ट आहे. चॅटमधली बडबड काढावीच लागते. आणि भाषेचं काम तुझं होतं, सही तुझी आहे." हे त्याने कँटीनमध्ये, चार माणसांसमोर म्हटलं आणि वर बोलीत "माआलेश" जोडलं, जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नकोस. नगवाने ट्रे उचलला, नेऊन ठेवला, वर आली आणि तिचा मूळ तक्ता, एकशे त्रेचाळीस ओळींचा, सहीसकट, आर्काइव्हमध्ये रीतसर नोंदवला. अपघाताच्या कागदांसाठी आमच्याकडे मुदत दहा वर्षांची आहे. "दहा वर्षं पुष्कळ झाली," ती म्हणाली.

मला तिला सगळं सांगायला वर्ष लागलं. नोकरी पक्की होऊन चांगले दहा महिने झाले होते, तरी भीती जात नव्हती. एका दुपारी चहा घेताना सांगितलं, की मी शेवटचा क्रमांक बघितला होता. तिने हातातली बी सोलली. मग म्हणाली, "चॅटमध्ये जे गप्प बसतात त्यांचा मेसेज नसतो. म्हणून अहवालात ते सापडत नाहीत. तू सुटलीस."

त्यानंतर आठवडाभर तिने माझ्याशी कामापलीकडे शब्द काढला नाही. मला कुणी थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. आठव्या दिवशी बियांची पुडी माझ्या टेबलावर सरकवली आणि म्हणाली, "तो पुन्हा करेल. ज्याला एकदा जमलं तो पुन्हा करतो. तेव्हा तू त्याला फाइल दे. मागेल तशी दे."

गेल्या फेब्रुवारीत ते पुन्हा झालं. तोच कारखाना, तशीच प्रेस, यावेळी सबाह नावाची बाई. हात वाचला, पण मनगटाचं हाड चुरलं. मेसेज आले दोनशे बारा. या खेपेला मामला जड होता, कारण ज्या गाडीवाल्यांना आम्ही हार्नेस देतो त्यांनाही अहवालाची प्रत हवी होती. मुदत शुक्रवारची.

श्रीरंग सोमवारी सकाळी स्वतः आर्काइव्हमध्ये आला. बसला, घरच्यासारखा. "नगवा, मागच्यासारखाच कर. एका मेसेजला एक ओळ. एकदम क्लीन होता तो रिपोर्ट."

"गेनाऊ, अगदी बरोबर," नगवा म्हणाली. "मागच्याच पद्धतीने करते. थोडी सुधारून."

तो गेल्यावर मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. मेसेज मी वाचू शकत नव्हते, पण तिने मला ठळक ठळक सांगितले होते. सबाह अकरा दिवस सांगत होती, दाराचा स्विच बंद केलाय, मशीन कधीही चालू होतं. अठ्ठ्याऐंशी ते एक्याण्णव हे चार मेसेज हानीचे होते. 'भारतीय इंजिनियरने सांगितलंय', म्हणजे श्रीरंगने. 'अशीच चालवा'. 'शिपमेंट जाईपर्यंत'. 'नको असेल त्याने घरी जावं'. आणि त्याच्या आधी सबाहच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, 'बहुतेक त्या इंजिनियरनेच स्विच काढायला लावला'.

"तो 'बहुतेक' काढून टाका," मी म्हटलं. "कोण बघतंय? फुसहात किती छान, ठाम वाक्य होईल. इंजिनियरने स्विच काढायला लावला. संपला विषय. त्याने एक ओळ काढली, तुम्ही एक शब्द काढा."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिच्या शाळेतल्या मुलांची मला दया आली.

"त्याला वाचवायला कंपनीचा वकील कैरोत बसलाय. तो माझा प्रत्येक शब्द मुळाशी ताडून बघेल. एक 'बहुतेक' गहाळ दिसला की म्हणेल, या बाईने दोनशे बाराच्या दोनशे बारा वाकवले. मग सबाह गेली, रजब गेला, मी तर गेलेच." तिने एक बी दाताखाली फोडली. "मला त्याचं एक बोट नकोय, तनया. मला तो पुरा हवाय. पुरा माणूस हवा असेल तर खरं लिहावं लागतं."

मग तिने कामाला सुरुवात केली, आणि तिची सुधारणा काय होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने ओळी केल्याच नाहीत. एकाच माणसाचे लागोपाठ आलेले मेसेज तिने एका वाक्यात जोडले. मध्ये दुसरा कुणी बोलला असेल तर तिथे वाक्य थांबवलं. बाकी सगळं फुसहाच्या रीतीने, 'व'ने आणि 'फ'ने, म्हणजे 'आणि'ने, 'म्हणून'ने एकात एक ओवलेलं, लांबच लांब, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यात कुठले मेसेज आले त्यांचे क्रमांक. ते क्रमांक तिने हाताने टाइप केले, तिकडच्या अरबी आकड्यांत. वर्डला ते आपोआप सरकवता येत नाहीत.

"फुसहाला लांब वाक्य आवडतं," ती म्हणाली. "कारण आणि परिणाम एका दमात. एकसष्ट आणि बासष्ट वेगळे ठेवले ही माझी चूक होती. मी घाबरून काम केलं, जसंच्या तसं, एकाला एक. त्याने कात्री लावली तर लागली कुठे? मी जिथे फट ठेवली तिथे."

दोनशे बारा मेसेजांचे सत्तर परिच्छेद झाले, शेजारी मागच्यासारखंच मी उतरवलेलं जर्मन. हानीचे चार मेसेज सदतिसाव्या परिच्छेदात आले, आणि मैत्रिणीचा 'बहुतेक' छत्तिसाव्यात, शाबूत. शेवटी मूळ मेसेज, शिव्यांसकट, परिशिष्ट म्हणून. आणि सगळ्यात आधी, पहिल्या पानावर, तिने एक परिच्छेद लिहिला. तो तिने मला हळूहळू, शब्द तोलत जर्मनमध्ये सांगितला आणि मी उतरवला. अहवालात एक ते दोनशे बारा यांतला प्रत्येक क्रमांक एकदा आणि एकदाच आला आहे. एखादा क्रमांक न आढळल्यास वाचणाऱ्याने प्रत अपुरी समजावी, आणि पूर्ण प्रत कंपनीच्या आर्काइव्हमधून अमुक नोंदीखाली मागवून घ्यावी. याच पद्धतीच्या मागील अहवालाची पूर्ण प्रतही अमुक नोंदीखाली उपलब्ध आहे.

मी टाइप करायची थांबले. "हे तो वाचेल."

"जर्मनमध्ये आहे, अरबीत आहे, पहिल्या पानावर आहे. मी काही लपवलेलं नाही." तिने चष्मा पुसला. "पहिलं पान कोण वाचतं?"

बुधवारी तिने सही केली, प्रत नोंदवली, तारीख-वेळ घातली. गुरुवारी दुपारी श्रीरंग माझ्या टेबलाशी आला. मराठीत बोलला. महत्त्वाचं काही हवं असलं की तो मराठीत बोलतो.

"तनया, ती वर्ड फाइल दे ना. जरा लांबण लागलीय. नीटनेटकी करतो."

"देते की, दादा."

त्याने मान वाकडी केली. ऑफिसात मी त्याला दादा म्हणत नाही. पण त्याला ते आवडलं. "आल्झो, तर काय, आपली माणसं असली की काम कसं सोपं होतं बघ," तो म्हणाला. मी फाइल पाठवली.

शुक्रवारी त्याने अहवाल कामगार कार्यालयाला आणि गाडीवाल्यांना पाठवला, माझ्याकडे माहितीसाठी प्रत. मी ती उघडली. परिशिष्ट नव्हतं. परिच्छेद एकोणसत्तर. सदतिसावा होता, पण तो आधीचा अडतिसावा होता. शेवटच्या पानावर नगवाची सही, स्कॅन करून डकवलेली. आणि पहिलं पान जसंच्या तसं, अक्षराला धक्का न लावलेलं.

मी प्रत छापली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने बोट ओळींवरून फिरवत नेलं. सत्याऐंशी. ब्याण्णव. तिथे बोट थांबलं. मी तिला इतक्या वर्षांत कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. ते सुंदर हसू नव्हतं.

"तुम्हाला हवंच होतं, त्याने ते काढावं," मी म्हटलं.

"मी दार उघडं ठेवलं. दारावर पाटी लावली, आत खड्डा आहे. तो वाचत नाही, यात माझा काय दोष?"

सतरा दिवसांनी कामगार कार्यालयाचं पत्र आलं. अतिशय सभ्य, फुसहात. पहिल्या पानावरील सूचनेप्रमाणे पडताळणी केली असता अठ्ठ्याऐंशी ते एक्याण्णव हे क्रमांक आढळत नाहीत, तरी पूर्ण प्रत पाठवावी. तसेच मागील अहवालाचीही. पत्र आर्काइव्हच्या नावे होतं, म्हणून ते नगवाच्या टेबलावर आलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे तिने त्याच दिवशी कायदा विभागातल्या फ्राउ हुबरना दाखवलं. फ्राउ हुबरनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. वर्ड फाइलमध्ये शेवटचा बदल कुणी केला, तेही बघितलं. मग मला बोलावलं.

मी दोन्ही वेळचं सांगितलं. पहिल्या वेळचा शेवटचा क्रमांक, माझी बंद केलेली फाइल, सगळं. लिहून दिलं आणि सही केली. मला अब्मानुंग मिळाली, लेखी ताकीद, ती आता माझ्या फायलीत आहे आणि ती फाइल नगवाकडेच असते. मला ती डाचत नाही असं नाही. पण माझाही एकदाचा क्रमांक पडला.

दोन्ही पूर्ण प्रती पोर्ट सईदला गेल्या. रजबचं प्रकरण पुन्हा उघडलं. महिन्याभराने नगवाच्या फोनवर त्याचा मेसेज आला, डाव्या हाताने टाइप केलेला, आकड्यांनी भरलेला. "अब्ला, बासष्टावी ओळ मिळाली. आईने तुमच्या बहिणीकडे फतीर पाठवलंय." फतीर म्हणजे तुपातली पापुद्र्यांची रोटी. नगवाने तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन पालथा ठेवला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "अजून संपलं नाही."

कारण हानीने तिकडे आपला फोन जमा केला होता. बुडणारा फोरमन एकटा बुडत नाही. त्याच्या फोनमध्ये श्रीरंगचे मेसेज होते, श्रीरंगच्या त्या मिरवायच्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत, आकड्यांसकट. छपन्न. कामगार कार्यालयाला ते फुसहात हवे होते, आणि मेसेज आपलेच असल्याचं श्रीरंगने प्रत्येकाखाली सही करून मान्य करायचं होतं. फ्राउ हुबरनी काम नगवाला दिलं. बाहेरच्या शपथबद्ध अनुवादकानेही नंतर ते तपासावं असं ठरलं, आणि नगवाने त्याला आनंदाने होकार दिला.

सकाळी दहाला मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं बसलो. श्रीरंग, फ्राउ हुबर, नगवा, आणि लिहून घ्यायला मी. श्रीरंगने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत येताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मंडळातही आता बघत नाही. गणपतीत माईक यंदा दुसऱ्याच्या हातात होता.

नगवाने पहिला कागद समोर घेतला. आधी त्याचा मूळ मेसेज वाचला, त्याच्याच सुरात. "शग्गलहा केदा या हानी, माफीश मुश्किला." चालव रे तशीच, हानी, काही प्रॉब्लेम नाही. श्रीरंग ओशाळं हसला, जणू कुणी त्याची नक्कल केली.

मग तिने फुसहा वाचलं. ती उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीने असेल, एक हात पाठीमागे, आवाज खालच्या पट्टीत, एकेक अक्षर स्पष्ट. "शग्गिलहा अला हाज़िहिल हाल, या हानी, फला मुश्किला." मग जर्मनमध्ये: हानी, ते यंत्र याच अवस्थेत चालव, अडचण काहीही नाही.

शब्द तेवढेच होते, अर्थ तोच होता. ना एक कमी, ना एक जास्त. फक्त आता तो हुकूम होता, आणि खाली त्याचं नाव होतं.

"मी असं नव्हतं म्हटलं," श्रीरंग म्हणाला. "म्हणजे म्हटलं, पण असं नाही. ते चॅट होतं. सहज लिहिलेलं असतं. ही बडबड असते."

"ही बडबड काढून टाकायची का?" नगवाने विचारलं. अगदी मऊ आवाजात, फ्राउ हुबरकडे बघत. फ्राउ हुबरनी मान हलवली. नाही.

"सही," नगवा म्हणाली.

त्याने सही केली. तिने दुसरा वाचला. मग तिसरा. प्रत्येक वेळी आधी त्याची ती लाडिक बोली, मग कोट घातलेलं फुसहा, मग जर्मन. कुठेही तिने त्याला आणखी वाईट केलं नाही. जिथे त्याने 'बहुतेक' लिहिलं होतं तिथे 'बहुतेक' दिलं. एका ठिकाणी त्याने हानीला सबाहची चौकशी कर म्हटलं होतं, तेही तिने तितक्याच स्पष्ट आवाजात वाचलं. त्यामुळे बाकीचं जास्त लागत होतं. पंचविसाव्यापर्यंत त्याच्या शर्टाच्या काखा भिजल्या. एकोणचाळिसावा होता, 'रजबसारखं करू, काळजी नको'. तो वाचताना तिचा आवाज एकदाच थांबला आणि मग पुढे गेला. मी वर बघितलं नाही, लिहीत राहिले. मला एक क्षणही त्याची कीव आली नाही.

छपन्न झाले. फ्राउ हुबर कागद गोळा करून बाहेर गेल्या. श्रीरंग उठला, टेबलाला हात टेकून उभा राहिला. शेवटी तो नगवाकडे वळला आणि तिच्या बोलीत, खालच्या आवाजात म्हणाला, "माआलेश, या अब्ला."

नगवाने चष्मा काढला, दोरीवर सोडला आणि बियांची पुडी खिशात घातली.

"याला क्रमांक नाही," ती म्हणाली, आणि फायरआबेंडला, म्हणजे ऑफिस सुटायला, अजून पाच तास होते, म्हणून आर्काइव्हमध्ये परत गेली.